चार-तीनचा सूट आणि कमरेतली पोकळी

मे महिन्यातल्या शनिवारी सकाळी सनीवेल किंवा फ्रीमाँटहून निघालेली मराठी कुटुंबं डोंगरातला वळणावळणाचा हायवे 17 उतरून सांताक्रूझच्या किनाऱ्यावर पोचतात, तेव्हा वर लख्ख ऊन असतं. वाळू पिवळीधमक, समोर कावेल्स बीचवर मऊ फेसाच्या बोर्डांवर धडपडणारी नवशिकी मंडळी. कॅलिफोर्निया म्हटलं की डोळ्यांपुढे जे चित्र येतं, ते हुबेहूब हेच. मग कुणीतरी हौसेने पँट दुमडून पाण्यात शिरतं आणि दहा सेकंदांत ओरडत बाहेर येतं. पाणी 12 अंश सेल्सिअसच्या आसपास असतं. मालवण-तारकर्लीच्या समुद्रात स्नॉर्केलिंग केलेल्या माणसाला हा आकडा कळायला थोडा वेळ लागतो. तिथलं पाणी वर्षातला बराच काळ 27-28 अंशांवर असतं आणि अंगात टी-शर्ट असला तरी तासभर निभावतं.

गंमत म्हणजे इथला समुद्र सर्वांत गार असतो तो हिवाळ्यात नव्हे, तर साधारण एप्रिल ते जूनमध्ये. वसंतात वायव्येकडून किनाऱ्याला समांतर जोरदार वारे वाहतात. पृथ्वीच्या फिरण्यामुळे वाऱ्याने ढकललेलं वरचं पाणी सरळ न जाता किनाऱ्यापासून दूर सरकतं आणि त्याची जागा घ्यायला खालचं गारठलेलं पाणी वर येतं. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये वारे मंदावले की हेच पाणी 15-16 अंशांपर्यंत चढतं. त्यामुळे ‘उन्हाळा आलाय, पातळ सूट चालेल’ हा हिशोब इथे उलटा पडतो. वेटसूट निवडताना कॅलेंडर बघू नये, त्या आठवड्याचं पाण्याचं तापमान बघावं. ते समुद्रातल्या सरकारी बोयांवरून रोज कळतं.

या गार पाण्यात माणसं वेटसूटच्या आधीही उतरत होती. 1885 साली हवाईचे तीन राजपुत्र इथे शिकायला असताना त्यांनी रेडवूडच्या फळ्या करवून घेतल्या आणि सॅन लोरेन्झो नदीच्या मुखाशी लाटांवर स्वारी केली. अमेरिकेच्या मुख्य भूमीवरचं सर्फिंग तिथून सुरू झालं असं मानतात. पुढच्या पिढ्या लोकरीचे स्वेटर घालून पाण्यात जायच्या आणि किनाऱ्यावर शेकोटी पेटवून ठेवायच्या. भिजलेला स्वेटर किती ऊब देतो, हे पावसाळ्यात महाबळेश्वरला गेलेल्या कुणालाही सांगावं लागणार नाही.

वाट काढली ती एका पदार्थवैज्ञानिकाने. ह्यू ब्रॅडनर बर्कलीच्या विद्यापीठात होता. त्याआधी त्याने लॉस आलामॉसला अणुबाँबच्या प्रकल्पावर काम केलं होतं. 1951 च्या सुमारास तो अमेरिकी नौदलाच्या पाणबुड्यांसाठी पोशाख शोधत होता. तोवर सगळ्यांचा आटापिटा एकच होता, की पाणी आत येता कामा नये. जरा भोक पडलं की असा पोशाख निकामी व्हायचा. ब्रॅडनरच्या लक्षात आलं की माणूस कोरडा राहण्याची गरजच नाही. ऊब धरून ठेवते ती कापडातली हवा. ती हवा बंद बुडबुड्यांमध्ये कायमची कोंडली, तर सूट ओला असो वा कोरडा, तिचं काम चालू राहणार. फुगवलेलं निओप्रीन हे असं बुडबुड्यांनी भरलेलं रबर. 1952 मध्ये जॅक ओनील नावाच्या सर्फरने सॅन फ्रान्सिस्कोत ओशन बीचजवळ एका गॅरेजात दुकान थाटलं आणि पुढे निओप्रीनची बनियनं विकायला सुरुवात केली. 1959 मध्ये त्याने बस्तान सांताक्रूझला हलवलं. दक्षिणेला रेडोंडो बीचवर मेस्ट्रेल बंधूही त्याच काळात वेटसूट करू लागले होते. पहिला कोण, यावर जुनी मंडळी अजून वाद घालतात.

आजही दुकानात आणि किनाऱ्यावर सर्रास ऐकू येतं की ‘वेटसूटच्या आत पाण्याचा थर जातो, तो अंगाच्या उबेने तापतो आणि मग तो आपल्याला गरम ठेवतो.’ यात अर्धं खरं आहे. पाण्याचा थर आत जातो आणि तापतो, हे बरोबर. पण तो काही ऊब देत नाही, ऊब खातो. तो तापवायला शरीराने खर्च केलेला असतो. तो थर पातळ असला आणि जागचा हलला नाही, तर तो खर्च एकदाच होतो आणि मग बुडबुड्यांचं रबर पुढचं काम करतं. तो थर सारखा बदलत राहिला, तर मात्र शरीर प्रत्येक वेळी नवं पाणी तापवत बसतं. सर्फर याला ‘फ्लश होणं’ म्हणतात. गळ्यातून, चेनमधून, मनगटातून किंवा घोट्यातून गार पाण्याचा लोंढा आत घुसतो आणि तापलेलं पाणी बाहेर ढकलतो.

हा खर्च किती, हे आकड्यांत पाहण्यासारखं आहे. सैल सूटमध्ये सर्वांत मोठी पोकळी बहुधा कमरेच्या मागे, पाठीच्या बाकात असते. ती 30 सेंटिमीटर लांब, 20 सेंटिमीटर रुंद आणि अवघी 1 सेंटिमीटर खोल धरली, तरी तिच्यात 600 मिलिलिटर पाणी मावतं. ते 12 अंशांवरून 30 अंशांपर्यंत तापवायला सुमारे 45 किलोज्यूल उष्णता लागते. शांत बसलेलं प्रौढ माणसाचं शरीर साधारण 100 वॅट उष्णता तयार करतं, म्हणजे ही साडेसात मिनिटांची सगळी कमाई झाली. नवशिका सर्फर दर पाच मिनिटांनी पडतो असं धरलं आणि प्रत्येक वेळी ती पोकळी रिकामी होऊन नव्याने भरली, तर तिच्यापायी सरासरी 150 वॅट जातात. पाणी पूर्ण तापायच्या आत बाहेर गेलं, तर थोडे कमी.

आता दुसरी बाजू. मापात बसणारा 4 मिलिमीटरचा सूट बदलून 5 मिलिमीटरचा घेतला, तर अशा पाण्यात कागदावरच्या ढोबळ हिशोबाने 75 वॅटच्या आसपास वाचतात. म्हणजे कमरेतली एक पोकळी जाडीतल्या एका मिलिमीटरची सगळी बचत गिळून वर आणखी उधारी करू शकते. म्हणूनच इथल्या दुकानांतली जाणती माणसं आधी सूट अंगावर कसा बसतो ते बघतात आणि मग आकड्याकडे वळतात. गिऱ्हाईक मात्र नेमकं उलट करतं. ‘मला फार थंडी वाजते, सगळ्यांत जाड द्या,’ इथून त्याची सुरुवात होते.

तरी आकड्यांची भाषा कळायला हवीच. सूटवर 3/2, 4/3, 5/4 असं लिहिलेलं असतं. पहिला आकडा छाती-पाठ-पोटाच्या रबराची जाडी, दुसरा हातापायांची, दोन्ही मिलिमीटरमध्ये. सर्फर बोर्डावर पालथा पडून हाताने पाणी मारत पुढे सरकतो. या वल्हवण्यात खांद्याचा सांधा तासात शेकडो वेळा फिरतो. तिथलं रबर जाड असेल, तर प्रत्येक हातामागे ते ताणावं लागतं आणि खांदे भरून येतात. म्हणून धडाला जाड आणि हातांना पातळ अशी विभागणी. ढोबळ मानाने पाणी 17 ते 20 अंश असेल तर 3/2, 12 ते 16 असेल तर 4/3, त्याखाली 5/4 आणि डोक्याला टोपडं. 20 च्या वर गुडघ्या-कोपरापर्यंतचा आखूड सूट पुरतो. गोव्यात आश्वेला सर्फिंग शिकणाऱ्याला तोही लागत नाही. उन्हापासून आणि बोर्डाच्या घासण्यापासून वाचवणारा रॅश गार्ड पुरे होतो. हे आकडे सरासरी माणसाचे आहेत. अंगात मांस कमी असलेला किंवा लाटेची वाट पाहत बराच वेळ नुसता बसून राहणारा माणूस एक पायरी वर जातो.

सांताक्रूझला वर्षभरासाठी एकच सूट घ्यायचा, तर तो अंगभर 4/3, यावर तिथे फारसा वाद नाही.

आता समजा, सनीवेलला नोकरी करणारा, चौतिशीतला एक माणूस हा सूट घ्यायला दुकानात आला आहे. उंची 5 फूट 7 इंच, वजन 70 किलो, छाती बऱ्यापैकी भरलेली, थोडं सुटलेलं पोट, पाय उंचीच्या मानाने आखूड. बांधा आपल्याकडे अगदी ओळखीचा. शर्ट तो मीडियम घालतो, म्हणून हात आधी मीडियमकडे जातो.

वेटसूट पहिल्यांदा घालणं ही झटापटच असते. पायावर प्लॅस्टिकची पातळ पिशवी चढवली की पाय सर्रकन आत जातो. नखांनी ओढलं तर रबराला चंद्रकोरीसारखे काप पडतात, म्हणून बोटांच्या पेरांनी थोडं थोडं वर सरकवायचं. आधी घोटे जागेवर, मग गुडघे, मग जांघ पार वरपर्यंत. हा टप्पा घाईत उरकला की वर कापड कमी पडतं, खांदे खाली ओढल्यासारखे होतात आणि माणूस समजतो की सूट लहान आहे. पाय नीट चढवल्यावरच हात घालायचे.

मीडियम चढला. छाती आणि पोट ठीक. पण घोट्यांशी आणि गुडघ्यांमागे आडव्या घड्या पडल्या आहेत. घडी पडली तिथे रबर अंगाला चिकटलेलं नाही, म्हणजे तिथे पाणी साठणार. दुकानदार त्याला सरळ उभं राहायला सांगतो आणि पाठीच्या बाकातलं कापड चिमटीत धरून ओढतो. ते सहज दोन बोटं वर येतं आणि सोडल्यावर आत हवा ओढल्याचा ‘फुस्स’ आवाज येतो. हीच ती कमरेतली पोकळी. दुकानात जी हवा ओढली जाते, तिच्या जागी समुद्रात पाणी ओढलं जाईल. उठताना, वाकताना, पडताना ती पोकळी भात्यासारखी काम करते.

मग स्मॉल. पाय बरोबर बसले, पण जांघेखाली बोटभर फट राहिली आणि दोन्ही हात वर केल्यावर सूट खांद्यांवरून खाली खेचू लागला. खोल श्वास घेतला की छातीभोवती आवळल्यासारखं होतं. गळ्याशीही फार घट्ट आहे. हे दुर्लक्षायचं कारण नाही, कारण गळ्यावर सतत दाब राहिला तर काही जणांना भोवळ येते. सूट कोरडा असताना थोडा जास्तच घट्ट वाटतो आणि पाण्यात किंचित सैलावतो, हे खरं. पण पूर्ण श्वास घेता येत नसेल किंवा बोटांना मुंग्या येत असतील, तर ते पाण्यात जाऊन सुटत नाही.

इथे बरेच लोक दोन वाइटांतला एक निवडून घरी जातात. वास्तविक बऱ्याच कंपन्या मधली मापंही काढतात. ‘एमएस’ म्हणजे छातीला मीडियम पण उंचीला आखूड, ‘एमटी’ म्हणजे छातीला मीडियम आणि उंचीला लांब. मापाच्या तक्त्यात आधी छातीचा घेर जुळवायचा, मग उंची आणि वजन सर्वांत शेवटी, कारण 70 किलो कुठे साठलेले आहेत हे वजनकाट्याला कळत नाही. या माणसाला एमएस बसतो. तो उकिडवा बसतो, पाठीत ‘फुस्स’ होत नाही. हात वर करून वल्हवल्यासारखे फिरवतो, काखेत रबर चिकटून राहतं. मनगट आणि घोट्याच्या कडा कातडीला सलग लागलेल्या आहेत. गळ्यात एक बोट जेमतेम जातं. चाचणी इतकीच, पण ती आरशासमोर नुसतं उभं राहून होत नाही. वाकावं, बसावं, हात फिरवावेत आणि दहा मिनिटं अंगात ठेवावा. दुकानदार कंटाळला तरी चालेल.

बायकांसाठी मापं वेगळी असतात आणि कापणीही वेगळी. पुरुषांचा छोटा सूट बाईने घातला, तर कमरेत आणि गळ्याशी हमखास पोकळी राहते, मग तो आकड्याने कितीही जाड असो. भाड्याने सूट देणाऱ्या दुकानात गर्दीच्या दिवशी नेमकं हेच होतं. महिलांची मापं संपतात आणि ‘यात काय एवढं’ म्हणून पुरुषांचा सूट हातात दिला जातो. तेव्हा नाही म्हणायला हरकत नाही.

माप ठरलं की प्रश्न येतो चेनचा. पाठीवर उभी चेन आणि तिला लांब दोरी ही जुनी पद्धत. घालायला-काढायला सोपी, किंमत कमी, म्हणून नवशिके आणि भाड्याची दुकानं हीच पसंत करतात. पण ही चेन नेमकी पाठीच्या कण्यावर येते आणि मानेपाशी तिचं तोंड वेल्क्रोने बंद होतं. लाटेने पाठीवर थापट मारली की तिथून गार पाण्याची रेघ कण्यावरून खाली उतरते. ज्याने ती एकदा अनुभवली तो विसरत नाही. छातीवर आडवी छोटी चेन असलेल्या सूटात मानेमागे तोंडच नसतं. खांद्यावरच्या मोठ्या खिडकीतून आत शिरायचं, मग गळ्याची पट्टी डोक्यावरून ओढून पुढे चेन लावायची. पहिल्या चार-पाच वेळा माणूस त्यात अडकतो आणि मदतीला कुणीतरी लागतं, पण पाणी खूपच कमी येतं. पाठही मोकळी वाकते. दुकानातल्या आपल्या माणसाला पडण्याचीच सवय आधी करायची असल्याने त्याने छातीच्या चेनचा सूट घ्यावा. थोडे जास्त पैसे जातात, पण ते अंगाला जाणवतात.

शिवणीकडे फार कमी लोक बघतात. सूट उलटा करून बघितला की लगेच ओळखता येतं. रेल्वेच्या रुळांसारखी सपाट, दोन्ही बाजूंनी दिसणारी शिवण असेल, तर सुई रबराच्या आरपार गेलेली आहे आणि प्रत्येक टाक्याला भोक आहे. असा सूट 18 अंशांच्या वरच्या पाण्यातच ठीक. गार पाण्यासाठी तुकडे आधी कडेला कडा लावून चिकटवतात, मग सुई अर्ध्या जाडीतूनच परत वळवतात, म्हणजे भोक पलीकडे निघत नाही. चांगल्या सूटात त्यावर आतून पट्टी किंवा द्रव रबराची रेघही असते. 4/3 लिहिलेला पण रुळांसारख्या शिवणीचा स्वस्त सूट दिसला, तर त्या आकड्यावर विश्वास ठेवू नये.

सूट घेतला, पाण्यात गेलं. आता तो खरंच बसलाय का, हे पहिल्या अर्ध्या तासात कळतं. सुरुवातीला गळ्यातून आणि मनगटातून थोडं पाणी येतं आणि एक मिनिटभर हुडहुडी भरते. नंतर ती जाणीव विरते आणि परत येत नाही. हे ठीक चाललंय. प्रत्येक वेळी पडल्यावर तीच हुडहुडी नव्याने भरत असेल, तर सूट फ्लश होतोय. कण्यावरून गार धार गेली तर गळा किंवा पाठीची चेन. बाहेर येऊन उभं राहिल्यावर पोटऱ्यांशी पाण्याचे फुगे लोंबत असतील, तर वरून आलेलं पाणी खाली साठलंय आणि मापच मोठं आहे. दरवेळी एकाच जागी, उदाहरणार्थ उजव्या काखेतच, गार ठिपका जाणवत असेल, तर माप निर्दोष आहे पण तिथली शिवण उकललेली आहे किंवा नखाचा काप आरपार गेला आहे. असं भोक शोधायला सूटची सगळी तोंडं दाबून आत हवा भरतात आणि बाहेरून साबणाचं पाणी लावतात. बुडबुडे येतात तिथे निओप्रीनसाठी मिळणारा गोंद भरायचा. पंक्चर काढण्याची रीत, ट्यूब तेवढी माणसाच्या आकाराची.

वाऱ्याचाही एक भाग आहे. लाटेची वाट पाहणारा सर्फर बोर्डावर बसतो तेव्हा त्याचं अर्धं अंग पाण्याबाहेर असतं. बाहेरून कापड लावलेलं निओप्रीन पाणी धरून ठेवतं आणि दुपारच्या वाऱ्यात ते वाळताना माठासारखं गार पडतं. म्हणून काही सूटांना छाती-पाठीवर कापड न लावता गुळगुळीत काळं रबर ठेवलेलं असतं. त्यावरून पाणी ओघळून जातं. मात्र ते लवकर फाटतं, त्यामुळे बोर्डाशी आणि नखांशी जपून वागावं लागतं. आणि हो, गार पाण्यात शिरल्यावर लघवी लागते, ती शरीराची नैसर्गिक प्रतिक्रिया आहे. सूटच्या आत ती केल्याने क्षणभर ऊब वाटते, याची कबुली सर्फर मोकळेपणाने देतात. सूट घरी नेऊन गोड्या पाण्यात धुणं त्यामुळे ऐच्छिक राहत नाही.

हाच माणूस ऑगस्टमध्ये मॉन्टेरेला जातो. सांताक्रूझच्या आखाताचं हे दक्षिणेकडचं टोक. पॅसिफिक ग्रोव्हच्या लव्हर्स पॉइंटला किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर केल्पचं जंगल आहे. समुद्राच्या तळापासून वर आलेली तपकिरी शेवाळाची झाडं, त्यांतून फिरणारे मासे, कधी पोटावर शिंपला फोडत उताणा तरंगणारा समुद्री ऑटर. त्याला स्नॉर्केलिंग करायचं आहे आणि 4/3 तर घरात आहेच. तो पाण्यात उतरतो आणि सर्फिंगला दीड तास टिकणारा हा माणूस अर्ध्या तासात कुडकुडायला लागतो. सूट तोच, पाणीही जवळपास तेवढंच गार.

फरक शरीराच्या कामाचा आहे. वल्हवणारा सर्फर भरपूर उष्णता तयार करतो. स्नॉर्केल करणारा पालथा तरंगत असतो आणि हळूहळू पाय हलवतो. त्याचं डोकं आणि चेहरा सतत पाण्यात असतात, सर्फरचे बराच वेळ बाहेर. हात वर फेकायचे नसल्याने खांदे मोकळे असण्याची त्याला गरज नाही. म्हणून इथे हिशोब बदलतो. हातापायांनाही धडाइतकंच जाड रबर चालतं. मॉन्टेरेला स्नॉर्केलिंग करणारे साधारणपणे 5 किंवा 7 मिलिमीटरचा सूट, टोपडं, पायमोजे आणि हातमोजे घालतात. पाठीची चेन इथे तेवढी त्रासदायक ठरत नाही, कारण लाटेखाली वारंवार बुडायचं नसतं.

जाड सूटची एक भेट नको असलेली असते. 7 मिलिमीटरच्या रबरात इतके बुडबुडे असतात की माणूस बुचासारखा तरंगतो. नुसतं वरून बघणाऱ्याला हे वरदान. पोहायला कच्चा असलेल्याला तर मोठाच आधार. पण केल्पच्या खोडांपाशी बुडी मारून जायचं असेल, तर कमरेला शिशाच्या वजनांचा पट्टा लागतो, आणि तो शिकल्याशिवाय वापरू नये. शिवाय खोल जाताना पाण्याच्या दाबाने बुडबुडे आकसतात. 10 मीटरवर त्यांतल्या वायूचं आकारमान जवळपास निम्म्यावर येतं, म्हणजे 7 चा सूट तिथे 7 चा उरत नाही. वरवर राहणाऱ्याला ही चिंता नाही. नियमित बुड्या मारणारे लोक आतून कापड नसलेला सूट वापरतात. त्याचं उघडं रबर कातडीला इतकं चिकटतं की आत पाणी शिरायला वावच राहत नाही. तो कोरडा अंगात जातच नाही, त्यासाठी आतून साबणाचं किंवा केसांच्या कंडिशनरचं पाणी लावावं लागतं. सुट्टीत दोनदा जाणाऱ्याने या फंदात पडू नये.

सूट कुठलाही असला, तरी काही खुणा दिसल्या की बाहेर यायचं असतं. पहिली खूण बोटांत दिसते. अंगठा आणि करंगळी एकमेकांना टेकवता येईनाशी झाली की हातांचं बळ ओसरलंय, आणि थोड्या वेळाने मास्कचा पट्टा किंवा बोर्डाची दोरीही हाताळता येणार नाही. हुडहुडी थांबवता येत नसेल, तर उरलेली शक्ती किनारा गाठण्यासाठी ठेवायची. बाहेर आल्यावर काही वेळ शरीर आणखी गार पडत जातं, म्हणून ओला सूट काढून लगेच कोरडं अंग, लोकरी टोपी आणि गाडीचा हीटर.

राहिला प्रश्न त्या माणसाचा, ज्याच्याकडे 4/3 आहे आणि जो वर्षातून दोन-तीनदाच मॉन्टेरेला जाणार आहे. त्याने 7 चा दुसरा सूट विकत घेण्याची गरज नाही. 2 मिलिमीटरचं, टोपडं जोडलेलं बिनबाह्यांचं बनियन मिळतं. ते 4/3 च्या आत घालायचं आणि त्याचा गळा सूटच्या गळ्याखाली नीट सपाट बसवायचा. त्यामुळे डोकं झाकलं जातं, छाती-पाठीला दोन थर मिळतात आणि मुख्य म्हणजे गळ्यातली वाट बंद होते. विकत घेण्याआधी ते सूटच्या आत घालून पुन्हा एकदा उकिडवं बसून, हात फिरवून आणि खोल श्वास घेऊन बघावं. सूट आधीच छातीला काठोकाठ बसत असेल, तर वरचे 2 मिलिमीटर श्वासाच्या जागेतून जातात. तसं झालं, तर त्या दिवसापुरता भाड्याचा 7 चा सूट घ्यावा. तोही पाठीत चिमटी घेऊन, ‘फुस्स’ होत नाही ना, हे बघूनच.